मसावि-लसाविची सरावपत्रिका : ताळा जुळला तरी उत्तर चुकलेलं असू शकतं

सहावी-सातवीची मुलं मसावि काढतात, लसाविही काढतात. घोळ होतो तो दोन्ही एकाच गणितात विचारले की. त्याला निम्मी कारणीभूत ही नावंच आहेत. महत्तम साधारण विभाजक म्हटल्यावर मुलाला वाटतं, उत्तर मोठं येणार. लघुतम साधारण विभाज्य म्हटलं की ते लहान असणार. प्रत्यक्षात उलटं असतं. मसावि दोन्ही संख्यांना भागतो, त्यामुळे तो लहान संख्येहून मोठा होऊच शकत नाही. लसाविला दोन्ही संख्यांनी भाग जातो, म्हणून तो मोठ्या संख्येहून लहान नसतो. पानाच्या माथ्यावर एवढं एक वाक्य लिहून ठेवलं तर बरीच खाडाखोड वाचते.

आमच्या इमारतीतली चार-पाच मुलं संध्याकाळी माझ्याकडे गणिताला बसतात. त्यांच्यासाठी मी आखलेली सरावपत्रिका इथे देते आहे. घरी पहिल्यांदाच मुलांना शिकवायला बसलेल्या आईबाबांना ती जशीच्या तशी वापरता येईल. एका पानावर एकच जोडी घ्यायची. चार गणितं कोंबलेलं पान दिसायला भरगच्च असतं, पण चूक कुठे झाली ते त्यात सापडत नाही.

पान आखणं

रेघांच्या वहीचं एक पान आडवं धरा. डाव्या बाजूला दोन संख्यांचे अवयव उभ्या मांडणीत पाडायला जागा सोडा. उजवीकडे पाच ओळींचा तक्ता आखा. पहिल्या ओळीत मूळ संख्या येतील, पुढच्या दोन ओळी दिलेल्या दोन संख्यांच्या, चौथी मसाविची आणि पाचवी लसाविची. खाली ताळ्यासाठी चारेक ओळी कोऱ्या ठेवा.

आपण १६८ आणि १८० ही जोडी घेऊ. १४ फूट बाय १५ फुटांची खोली इंचांत मोजली की याच संख्या येतात, म्हणून मला ती आवडते. न कापता बसणारी सर्वांत मोठी चौरस फरशी किती इंचांची, हा प्रश्न मसाविचाच आहे आणि त्याचं उत्तर मुलं पायाखाली बघू शकतात.

अवयव पाडणं

सर्वांत लहान मूळ संख्येपासून सुरुवात करायची आणि तिने भाग जातोय तोवर तिला सोडायचं नाही.

```
२ | १६८        २ | १८०
२ |  ८४        २ |  ९०
२ |  ४२        ३ |  ४५
३ |  २१        ३ |  १५
७ |   ७        ५ |   ५
  |   १          |   १
```

इथे मुलं दोन ठिकाणी घसरतात. एक म्हणजे हाताला आलेला मोठा अवयव तसाच ठेवून देणं. १८० म्हणजे ४ × ९ × ५ असं लिहून पेन्सिल खाली ठेवणारं मूल वर्गात एक तरी असतं. गुणाकार बरोबर आहे, पण ४ आणि ९ मूळ संख्या नाहीत, आणि पुढच्या तक्त्यात त्यांना घरच मिळत नाही. दुसरी घसरण शेवटच्या १ ची. तो १ म्हणजे भागाकार संपल्याची खूण. अवयवांत तो मोजायचा नसतो.

तक्त्याकडे जाण्याआधी अवयव पुन्हा गुणून बघा. २ × २ × २ म्हणजे ८, आठ त्रिक चोवीस, २४ साते १६८. दुसरीकडे ४ गुणिले ९ छत्तीस, ३६ पंचे १८०. याला अर्धं मिनिट लागतं.

तक्ता भरणं

आता प्रत्येक मूळ संख्या किती वेळा आली, फक्त तेवढंच मांडायचं. अवयव पुन्हा लिहायचे नाहीत.

| | २ | ३ | ५ | ७ |
|---|---|---|---|---|
| १६८ | ३ | १ | ० | १ |
| १८० | २ | २ | १ | ० |
| मसावि : कमी असेल तो | २ | १ | ० | ० |
| लसावि : जास्त असेल तो | ३ | २ | १ | १ |

एका रकान्यात वरच्या दोन आकड्यांपैकी लहान असेल तो मसाविच्या ओळीत येतो, मोठा असेल तो लसाविच्या. दोन्ही सारखे असले तर तोच आकडा दोन्हीकडे. याचं कारण मुलांना एकदा सांगून टाका. १६८ मध्ये २ तीनदा आहे, १८० मध्ये दोनदा. दोघांनाही भागणाऱ्या संख्येत २ दोनदाच असू शकतो, कारण तिसरा २ एकशे ऐंशीकडे नाही. आणि दोघांनाही पोटात घेणाऱ्या संख्येत तो तीनदा लागतोच, नाहीतर १६८ त्यात मावणार नाही.

म्हणून मसावि = २ × २ × ३ = १२. लसावि = २ × २ × २ × ३ × ३ × ५ × ७. आठ नव्वे बहात्तर, बहात्तर पंचे ३६०, ३६० साते २५२०.

रिकामा खण कधी ठेवायचा नाही, तिथे शून्य लिहायचं. पण शून्य लिहायला लावल्यावर एक नवीनच चूक जन्माला येते. पहिल्यांदा हा तक्ता दिला तेव्हा एका मुलाने मसावि २ × २ × ३ × ० × ० = ० असा काढला होता, आणि तोही खाली दुहेरी रेघ मारून. त्याचं चुकलं असं तरी कसं म्हणायचं? मी त्याला सांगितलंच नव्हतं की खणातला आकडा ‘किती वेळा’ ते सांगतो. शून्य वेळा म्हणजे त्या मूळ संख्येने गुणायचंच नाही. तेव्हापासून तक्त्याच्या डोक्यावर मी ‘किती वेळा?’ असं मोठ्या अक्षरांत लिहिते.

ताळा पाहणं

दोन संख्यांचा मसावि आणि लसावि यांचा गुणाकार त्या दोन संख्यांच्या गुणाकाराएवढा असतो. आपल्या जोडीत १६८ × १८० = ३०२४०, आणि १२ × २५२० = ३०२४०. जुळलं.

एवढे मोठे गुणाकार करताना मुलांचं दुसरंच काहीतरी चुकतं, आणि मग चूक मसाविची की गुणाकाराची तेच कळेनासं होतं. म्हणून हाच ताळा मी भागाकाराने करून घेते. पहिल्या संख्येला मसाविने भागा, लसाविला दुसऱ्या संख्येने भागा, दोन्ही उत्तरं सारखी आली पाहिजेत. १६८ ÷ १२ = १४, आणि २५२० ÷ १८० = १४. गोष्ट तीच, मेहनत कमी.

ताळा पाहताना दोन पथ्यं पाळायची. पहिलं, संख्या प्रश्नातून घ्यायच्या, आपण पाडलेल्या अवयवांतून नाही. समजा मुलाने १६८ मधला एक २ गाळला आणि २ × २ × ३ × ७ असंच लिहिलं. मसावि १२ च येईल, लसावि मात्र १२६० येईल, आणि गुणाकार १५१२०. प्रश्नातल्या संख्यांचा गुणाकार ३०२४० असल्याने चूक लगेच उघडी पडते. मुलाने अवयवांकडे बघून ८४ × १८० केलं असतं, तर तेही १५१२० आलं असतं आणि चूक झाकली गेली असती.

दुसरं पथ्य जास्त महत्त्वाचं. लसावि तक्त्यातूनच काढायचा. हा गुणधर्म एकदा कळला की हुशार मुलं मसावि काढतात, दोन संख्यांच्या गुणाकाराला त्याने भागतात आणि लसावि म्हणून लिहून मोकळी होतात. परीक्षेत वेळ वाचवायला ते ठीक आहे. पण मग त्याच उत्तराचा त्याच गुणधर्माने ताळा घेण्यात अर्थ उरत नाही. मसावि चुकून ६ काढला असेल तर लसावि ५०४० येईल, आणि ६ × ५०४० सुद्धा ३०२४० च.

ताळा चुकला तर पान फाडून नव्याने सुरू करू देऊ नका. किती पटीने चुकला ते आधी बघायला सांगा. वरच्या उदाहरणात गुणाकार निम्मा आला, म्हणजे कुठेतरी एक २ गळालाय. तिप्पट आला असता तर एक ३ जास्तीचा शिरला असता. लसावि म्हणून सगळेच्या सगळे अवयव गुणून ३०२४० लिहिणाऱ्याचा ताळा बरोबर बारापट येतो, म्हणजे सामाईक अवयव त्याने दोनदा धरले. चुकलेल्या ताळ्यातून चुकीचा पत्ता असा मिळतो.

जुळतो का, आणि फसवतो का

हा गुणधर्म का चालतो ते तक्त्यातच दिसतं. २ च्या रकान्यात वर ३ आणि २ आहेत, बेरीज ५. खाली २ आणि ३ आहेत, बेरीज पुन्हा ५. वरचेच दोन आकडे आपण खाली उतरवले, एक मसाविला दिला आणि एक लसाविला. प्रत्येक रकान्यात हेच होतं, म्हणून एकूण गुणाकार बदलत नाही.

पण नीट पाहिलं तर यातच ताळ्याची कमजोरी आहे. तो फक्त एवढंच तपासतो की वरचं सगळं खाली उतरलं. कोणता आकडा कुठल्या ओळीत गेला, हे तो बघत नाही. ३ च्या रकान्यात कुणी उलटापालट केली, म्हणजे २ मसाविला आणि १ लसाविला दिला, तर मसावि ३६ होतो आणि लसावि ८४०. ३६ × ८४० किती? ३०२४०.

‘काकू, ताळा तर जुळतोय,’ हे वाक्य मी इथेच ऐकते. अशा वेळी मसाविने दोन्ही संख्यांना भागून बघायला सांगायचं. १६८ ला ३६ ने भाग जात नाही, तिथेच विषय संपतो. ८४० ला ३६ ने भाग जात नाही हीदेखील खूण आहे, कारण लसाविला मसाविने नेहमीच पूर्ण भाग जातो.

उलट मसावि लहान पडला असेल, म्हणजे १२ ऐवजी ६, तर भाग जातो आणि आपण फसतो. तेव्हा भागाकारांकडे बघायचं. १६८ ÷ ६ = २८ आणि १८० ÷ ६ = ३०. दोन्ही सम आहेत, म्हणजे एक २ अजून दोघांत सामाईक राहिलाय. बरोबर मसाविने भागल्यावर उरणाऱ्या संख्या सहमूळ असायला हव्यात, १ शिवाय त्यांना साधारण विभाजक नको. १२ ने भागल्यावर १४ आणि १५ उरतात, त्या सहमूळ आहेत. खोलीची फूटांतली मापंच ती.

९१ ची गोष्ट

मूळ अवयवांच्या पद्धतीतला सगळ्यात लबाड आकडा ९१ आहे. तो सम नाही, अंकांची बेरीज १० म्हणून ३ ने भाग जात नाही, शेवटी ० किंवा ५ नाही. मुलं त्याला मूळ संख्या ठरवतात. मुलांचं कशाला, मीच एकदा ९१ आणि १५६ ही जोडी दिली आणि घाईघाईत लिहिलेल्या उत्तरांच्या कागदावर मसावि १, लसावि १४१९६ असं टाकलं. ताळाही घेतला. ९१ × १५६ = १४१९६, आणि १ × १४१९६ तेवढेच. झकास जुळला. सातवीतली एक मुलगी वहीतून मान वर करून म्हणाली, ‘काकू, तेरा साती एक्क्याण्णव ना?’

९१ = ७ × १३ आणि १५६ = २ × २ × ३ × १३. खरा मसावि १३, लसावि १०९२. आणि १३ × १०९२ सुद्धा १४१९६.

ताळा का फसला तेही तक्त्यातून कळतं. मी ९१ चा वेगळा रकाना केला, त्यात वर १ आणि ०, खाली ० आणि १. सगळं वरचं खाली उतरलं, म्हणून ताळा खूष. रकाना मूळ संख्येचा आहे की नाही, याची त्याला काय पर्वा!

यावर उपाय असा. एखादी संख्या मूळ आहे असं लिहिण्याआधी ती किती मूळ संख्यांनी तपासायची, हे ठरलेलं असतं. ज्या मूळ संख्येचा वर्ग आपल्या संख्येहून मोठा होतो, तिथे थांबायचं. ११ चा वर्ग १२१. म्हणून १२१ पेक्षा लहान संख्येसाठी २, ३, ५ आणि ७ या चौघांनी भागून बघणं पुरतं. पहिल्या तिघांच्या कसोट्या मुलांना तोंडपाठ असतात. सातची कसोटी नसल्यासारखीच, म्हणून सातला टाळलं जातं. सातने प्रत्यक्ष भागाकार करायला लावा. १२१ ते १६८ पर्यंत त्यात ११ ची भर पडते. ५१, ५७, ८७, ९१, ११९, १३३ आणि १४३ ही संशयितांची यादी मी पानाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवली आहे. पहिल्या तीन ३ ने फुटतात, पुढच्या तीन ७ ने, शेवटची ११ ने.

वजाबाकीचा दुसरा ताळा

अवयवांवर अजिबात न विसंबणारा एक ताळा हाताशी असावा. ज्या संख्येने दोघांनाही भाग जातो, तिने त्यांच्या वजाबाकीलाही भाग जातो. म्हणून मसावि वजाबाकीचा विभाजक असलाच पाहिजे. १८० − १६८ = १२, म्हणजे या जोडीचा मसावि १२ हून मोठा असूच शकत नाही, आणि ३६ हे उत्तर बघताक्षणी बाद होतं.

९१ आणि १५६ घ्या. वजाबाकी ६५. आता ९१ आणि ६५, वजाबाकी २६. मग ६५ आणि २६, वजाबाकी ३९. ३९ आणि २६, वजाबाकी १३. २६ ला १३ ने पूर्ण भाग जातो, म्हणून मसावि १३. एकाही संख्येचे अवयव पाडले नाहीत, तरी १३ समोर आला. पुस्तकातली मसावि काढायची भागाकार पद्धत हीच. तिथे वारंवार वजा करण्याऐवजी एकदम भागून बाकी घेतात. आर्यभटाच्या कुट्टकात असाच परस्पर भागाकार आहे. मूळ अवयवांनी काढलेला मसावि आणि वजाबाकीने काढलेला मसावि एकच आला, शिवाय गुणाकाराचा ताळा जुळला, की लसाविही बरोबर आहे असं खुशाल समजावं.

कोणत्या जोड्या द्यायच्या

जोड्या मनाला येतील तशा देऊ नका, प्रत्येक जोडीत काहीतरी दडलेलं असू द्या. ८४ आणि १२६ ने सुरुवात चांगली होते : मसावि ४२, लसावि २५२. मग २८ आणि ८४ द्या. इथे एक संख्या दुसरीला भागते, म्हणून मसावि २८ आणि लसावि ८४, दिलेल्याच संख्या परत येतात आणि मुलं ‘काहीतरी चुकलं’ म्हणून खोडून टाकतात. ३५ आणि ६४ मध्ये सामाईक काहीच नाही. मसाविच्या ओळीत सगळी शून्यं येतात आणि उत्तर १ येतं, शून्य नाही. लसावि थेट गुणाकार, २२४०. शेवटी ११९ आणि १५३ : ज्याने सातने भागलं त्याला १७ सापडतो, लसावि १०७१.

एखादं तीन संख्यांचं गणितही द्या, पण त्यापुढे ताळ्याच्या ओळी आखू नका. ६, १० आणि १५ यांचा मसावि १, लसावि ३०. त्यांचा गुणाकार ९००. तीन संख्या असल्या की रकान्यात वर तीन आकडे असतात. सर्वांत लहान मसाविला जातो, सर्वांत मोठा लसाविला आणि मधला कुठेच जात नाही. तक्ता तीन ओळींनाही चालतो, गुणाकाराचा ताळा फक्त दोनच संख्यांचा आहे. मुलं तो तिथेही लावतात, जुळला नाही की बरोबर उत्तर खोडतात.

उलटा प्रश्नही ठेवा. मसावि १२, लसावि २५२०, एक संख्या १६८, तर दुसरी? ३०२४० ला १६८ ने भागून १८०. पण एक संख्या दिली नाही तर उत्तर एकच राहत नाही. १२० आणि २५२ यांचेही मसावि-लसावि १२ आणि २५२० च आहेत. आणि कधीतरी गंमत म्हणून विचारा : मसावि १५ आणि लसावि ३५० असलेल्या दोन संख्या सांगा. आमच्याकडे त्यावर वीस मिनिटं पेन्सिली चालल्या. मग एकाने ३५० ला १५ ने भागून बघितलं, बाकी ५ उरली, आणि त्याने वही मिटून माझ्यापुढे सरकवली.